आकडे होते, गावाचं नाव नव्हतं : जपानमधल्या एका तिकीट यंत्रासमोरची चौदा मिनिटं

प्रवासाला निघालेल्या ज्येष्ठांना फोन नीट वापरता यावा म्हणून मी छोटे वर्ग घेते. त्यात 'फोटो काढून भाषांतर' हा भाग सगळ्यांना सोपा वाटतो. खूण दाबली, फोटो काढला, इंग्रजी किंवा मराठी समोर. माझी मावशीही हा भाग एका बैठकीत शिकून जपानला गेली. परत आल्यावर तिने फोनमधले फोटो मला दिले. एका लहान स्थानकावर काढलेल्या फोटोंची रांग वेळेसकट त्यात होती. मावशी आणि काकांच्या आठवणी या फोटोंशी जुळवून मी हे प्रकरण मांडते आहे. वर्गात आता हेच एक उदाहरण पुरतं.

स्थानक नागानो प्रांतातलं, डोंगरातून शहराकडे उतरणाऱ्या एका खासगी रेल्वेचं. नाव देत नाही, कारण अशी जुनी यंत्रं जपानच्या ग्रामीण भागात अनेक मार्गांवर आहेत. मावशी निवृत्त गणित शिक्षिका. बरोबर काका आणि नऊ वर्षांचा नातू. सामान शहरातल्या हॉटेलात, आणि तिकडे जाणारी गाडी चौदा मिनिटांनी. ती चुकली तर पुढची चाळीस मिनिटांनंतर.

मोठ्या जपानी स्थानकांवर हा प्रश्न सहसा येत नाही. तिथल्या टचस्क्रीन यंत्रावर कोपऱ्यात 'English' असं बटण असतं, आणि फोन बाहेर काढण्याआधी ते शोधावं हे मी वर्गात सांगतेच. मावशीने ते शोधलं. इथे पडदाच नव्हता. पोलादी चौकट, नाण्यांची फट, नोटेची फट, आणि बटणांच्या ओळी. बहुतेक बटणं काळी, कोरी.

पहिला फोटो : सगळं बरोबर, तरी उपयोग नाही

मावशीने दोन पावलं मागे जाऊन यंत्राचा पूर्ण फोटो घेतला. भाषांतर मराठीत मागितलं होतं. 'प्रौढ', 'मूल', 'रद्द करा', 'कॉल करा', 'पावती' हे शब्द आले. खालच्या खळग्यावर 'बदल' आलं. खळग्यात सुटे पैसे पडतात, त्याला इंग्रजीत 'चेंज' म्हणतात, आणि जपानीतून मराठीत येताना मजकूर मध्ये इंग्रजीवरून गेला की असं होतं. सुट्या शब्दांच्या पाट्यांसाठी म्हणूनच मी आता सांगते, की इंग्रजी वाचता येत असेल तर भाषांतर इंग्रजीतच घ्या. लांब परिच्छेदात आजूबाजूच्या वाक्यांवरून अर्थ सावरतो, एका शब्दाच्या पाटीला तो आधार नसतो.

पण मावशी अडली ती 'बदल'मुळे नाही. ती काकांना म्हणाली, "अहो, यात गावाचं नाव कुठे टाकायचं?"

मुंबई लोकलचं एटीव्हीएम वापरलेल्या माणसाला हाच प्रश्न पडेल. आपल्याकडे यंत्रावर स्थानक निवडायचं, भाडं यंत्र काढतं. जपानच्या या जुन्या पद्धतीत उलट आहे. यंत्राला तुम्ही कुठे जाणार याच्याशी देणंघेणं नाही, ते फक्त रकमेचं तिकीट विकतं. कुठल्या गावाला किती रक्कम, हे प्रवाशाने भिंतीवरच्या तक्त्यात बघायचं आणि तेवढ्या रकमेचं बटण दाबायचं. ही माहिती यंत्रावर लिहिलेलीच नाही. तिथल्या माणसाला ती लहानपणापासून ठाऊक असते, त्यामुळे लिहायची कुणाला गरज वाटली नसावी. फोटोत जे नाही त्याचं भाषांतर कुठलंही ॲप देणार नाही, आणि मावशीच्या फोनने पहिल्या फोटोत तसं काहीच चुकीचं सांगितलं नव्हतं.

काळ्या बटणांचंही तसंच. या यंत्रात आधी पैसे टाकायचे. टाकलेल्या रकमेत जी तिकिटं बसतात तेवढीच बटणं उजळतात आणि त्यांच्यावर आकडे दिसतात. पैसे टाकण्याआधी काढलेला फोटो म्हणजे झोपलेल्या यंत्राचा फोटो. मावशीला तिथे यंत्र बंद आहे अशी शंका आली, आणि ती शंका पुढच्या घटनेने पक्की केली.

नोट परत येते

काकांनी हजार येनची नोट आत सरकवली. आली बाहेर. सरळ करून पुन्हा सरकवली, पुन्हा बाहेर. "नोट चुरगळलीय का बघ," म्हणून मावशीने दुसरी दिली. तीही बाहेर. दोन्ही नोटा विमानतळावरच्या, कोऱ्या करकरीत.

नेमकं तेच कारण होतं. जपानने ३ जुलै २०२४ रोजी नव्या नोटा आणल्या. नव्या हजाराच्या नोटेवर कितासातो शिबासाबुरो हे जीवाणुशास्त्रज्ञ आहेत, जुन्या नोटेवर नोगुची हिदेयो. चेहरे ओळखत नसाल तर आकडा बघा. नव्या नोटेवर '1000' मोठ्या अंकांत आहे, जुनीवर जपानी अक्षरांतली रक्कम ठळक. यंत्रातला नोट ओळखणारा भाग नव्या नोटांसाठी बदलावा किंवा अद्ययावत करावा लागतो. त्याला खर्च येतो, आणि दिवसाला मोजकी तिकिटं विकणाऱ्या स्थानकावर तो लगेच होतोच असं नाही. पाचशे येनच्या नाण्याचीही हीच गोष्ट. नोव्हेंबर २०२१ पासूनचं नाणं दोन रंगांच्या धातूंचं आहे, आणि अनेक जुनी यंत्रं ते घेत नाहीत.

हे सगळं यंत्राच्या उजव्या बाजूला एका कागदावर लिहिलेलं होतं. पहिल्या फोटोत तो कागद आहे. त्याच्यावर ॲपने दोनच तुकडे उमटवले आहेत, 'पाचशे' आणि 'नवीन', तेही एकमेकांशी संबंध नसल्यासारखे दोन टोकांना.

असं का झालं, ते फोटो मोठा करून पाहिलं की कळतं. फोटो-भाषांतर हे एक काम नाही, चार कामांची साखळी आहे. चित्रात अक्षरं कुठे आहेत ते शोधायचं, ती कोणती आहेत ते ओळखायचं, कोणत्या ओळी एकत्र वाचायच्या ते ठरवायचं, आणि मग भाषांतर करून मूळ अक्षरांवर ते रंगवायचं. पहिल्या तीनपैकी कुठेही घोळ झाला तर चौथं काम चुकीच्या मालावर होतं. या कागदाबाबत दोन घोळ होते. कागद प्लास्टिकमध्ये घातलेला होता आणि वरच्या ट्यूबलाइटची पांढरी पट्टी त्याच्या मधोमध पडली होती, म्हणजे मधली अक्षरं कॅमेऱ्याला दिसलीच नाहीत. शिवाय मजकूर उभा होता. जपानी उभी लिहिली की वरून खाली आणि उजवीकडच्या ओळीपासून डावीकडे वाचतात. पूर्ण यंत्राच्या फोटोत बाकी सगळं आडवं असल्यावर एका कोपऱ्यातला उभा मजकूर ॲपने आडवा जोडला, तर तुकडेच हाती येतात.

मावशीचा पुढचा फोटो मात्र नमुनेदार आहे. ती यंत्राच्या बाजूला सरकली, काकांना पिशवी वर धरून ट्यूबलाइट अडवायला लावली, आणि फक्त तो कागद चौकटीत घेतला, सरळ समोरून. पूर्ण वाक्य आलं: नवीन पाचशे येनची नाणी आणि नवीन नोटा वापरता येणार नाहीत. फरक ॲपमध्ये पडला नव्हता. चौकटीत एकच मजकूर होता, चकाकी नव्हती आणि अक्षरं मोठी होती, एवढंच.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कॅमेरा नुसता धरून भाषांतर चालू ठेवता येतं, आणि बहुतेक जण तेच करतात. हात हलतो तसे शब्द बदलत राहतात, आणि माणूस त्यातला सोयीचा वाचतो. थांबलेला फोटो घ्यावा. मग एकेका ओळीवर बोट ठेवता येतं आणि मूळ अक्षरंही परत बघता येतात. मूळ अक्षरं किती लागतात ते पुढे येईलच.

तीन-चार मीटरवर खिडकी होती आणि आत स्थानकाचा माणूस बसलेला होता. मावशीने दोन नोटा दाखवल्या आणि यंत्राकडे बोट केलं. त्याने न बोलता एक जुनी नोट आणि शंभराची दहा नाणी दिली. खिडकी पहिल्यापासून उघडी होती. फोन हातात असलेला माणूस शेवटी खिडकीकडे जातो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे. खिडकी बंद असेल तर यंत्रावरचं 'कॉल करा' हे बटण कर्मचाऱ्याला बोलावण्यासाठीच असतं. काही यंत्रांत ते दाबलं की शेजारची छोटी झडप उघडते आणि आतून चक्क माणूस डोकावतो.

भिंतीवरचा तक्ता

गाडीला सात मिनिटं. गावाचा प्रश्न तसाच होता.

तो फोनने सोडवला नाही. मागे एक म्हातारे गृहस्थ उभे होते. मावशीने बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ दिलं. त्यांनी यंत्राला हात लावण्याआधी मान वर केली, क्षणभर भिंतीकडे पाहिलं, मग पैसे टाकून बटण दाबलं. नातू म्हणाला, "आजी, ते आजोबा आधी वर बघत होते."

वर मार्गाचा नकाशा होता. एक आडवी रेघ, तिच्यावर स्थानकं, प्रत्येकाचं नाव उभं लिहिलेलं आणि नावाखाली दोन आकडे, एकाखाली एक.

मावशीने फोटो काढला आणि आलेलं भाषांतर बघून हसावं की रडावं अशी गत झाली. उभी नावं शेजारी-शेजारी असल्याने ॲपने त्यांची पहिली अक्षरं एकत्र वाचली, मग दुसरी अक्षरं एकत्र. कुठे 'वरचे शेत', कुठे 'नवीन बेट पूर्व', आणि सगळ्यांवर भाषांतराच्या पांढऱ्या चौकोनांनी मूळ नावं झाकलेली. गावाचं नाव हे मुळात भाषांतर करायचंच नसतं. ते ओळखायचं असतं.

तिने भाषांतर बंद करून मूळ फोटो ठेवला, आणि फोनच्या नकाशावर हॉटेलाजवळच्या स्थानकाचं नाव जपानी अक्षरांत उघडलं. दोन अक्षरं. पहिल्यात तीन उभ्या रेघा आणि खाली एक आडवी, दुसरं चार खणांच्या खिडकीसारखं. नातवाला हे काम दिल्यावर त्याने लगेच तक्त्यावर खिडकी दाखवली. आणि आणखी एक. आणि आणखी एक. त्या अक्षराचा अर्थ शेत, आणि जपानी गावांच्या नावांत ते भरपूर येतं. एका अक्षरावर विसंबलं असतं तर मधल्याच कुठल्यातरी गावाचं तिकीट हातात पडलं असतं. दोन्ही अक्षरं, त्याच क्रमाने, अशी जुळवणी केल्यावर एकच स्थानक उरलं, रेघेच्या डाव्या टोकाजवळ. त्याच्याखाली ५७०, त्याच्याखाली लाल रंगात २९०.

दोन आकडे का, यावर क्षणभर वाद झाला. काकांना वाटलं की खालचा आकडा सवलतीचा, ज्येष्ठांसाठी असेल. मावशीने गणित केलं. ५७० चे निम्मे २८५, आणि २९० त्याच्या अगदी जवळ. म्हणजे मुलांचं भाडं. ती बरोबर होती. जपानमध्ये सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्धं भाडं असतं आणि तिकिटांच्या रकमा दहाच्या पटीत. राहिलेले पाच येन खासगी रेल्वे सहसा वर धरतात, जेआर ही देशव्यापी रेल्वे खाली. त्यामुळे मुलाच्या तिकिटाची रक्कम मनात निम्मी करू नये, तक्त्यावर वाचावी. २८५ चं बटण शोधत बसलं तर ते कधीच सापडणार नाही.

बटणं उजळतात

आता यंत्र. एका बाजूला माणसांच्या आकृत्या असलेली बटणं होती: दोन मोठे, तीन मोठे, एक मोठा एक लहान. याला भाषांतर लागत नाही. मावशीने जुनी हजाराची नोट टाकली. बटणं उजळली, ५७० सुद्धा उजळलं. मग दोन मोठ्या माणसांचं बटण दाबलं, आणि ५७० विझलं.

काकांचा हात लगेच 'रद्द करा'कडे गेला. मावशीने तो धरला. बटणांवरचे आकडे अजूनही एका माणसाचेच होते. पण दोघांचे ११४०, आणि आत फक्त १०००. ज्या तिकिटाला पैसे पुरत नाहीत त्याचं बटण यंत्र विझवतं. तिने शंभराची दोन नाणी टाकली आणि ५७० परत उजळलं. दाबलं. दोन तिकिटं, साठ येन परत.

हे सगळ्यात अवघड वाटणारं पाऊल तिने कुठलाही फोटो न काढता पार केलं, कारण तोवर तिला यंत्राचा नियम कळला होता. ११४० असं बटण शोधत बसणारे पर्यटक मी पाहिले आहेत. नातवासाठी 'मूल' हे बटण दाबलं, तीनशे टाकले, २९० दाबलं, दहा परत. मुलाचं बटण न दाबता २९० चं तिकीट घेतलं असतं तर ते जवळच्या कुठल्यातरी गावाचं प्रौढ तिकीट ठरलं असतं. रक्कम तीच, कागद वेगळा.

गाडीला दोन मिनिटं होती.

चुकलं असतं तर

मावशीला हे आधी माहीत असतं तर तिची घाई निम्मी झाली असती: कमी रकमेचं तिकीट घेतलं तर जपानमध्ये ते सहसा निस्तरता येतं. उतरताना फाटकाच्या आत फरक भरायचं यंत्र किंवा कर्मचारी असतो. तिकीट दाखवायचं, उरलेली रक्कम द्यायची. तिथले लोकही तक्ता सापडला नाही की सर्वात स्वस्त तिकीट घेऊन पुढे फरक भरतात. जास्त रकमेचं घेतलं तर मात्र वरचे पैसे उतरताना मिळतील असं धरू नये.

जिथे स्थानकावर कुणीच नसतं आणि गाडीत एकटा चालक असतो, तिथे चढताना दारातल्या पेटीतून क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची. चालकाच्या डोक्यावरच्या फलकात त्या क्रमांकाखाली भाडं दिसत राहतं आणि उतरताना ते पेटीत टाकायचं. ती पेटी सुटे परत देत नाही. शेजारच्या फटीत नोट मोडून मग नेमकी रक्कम टाकावी लागते. तो फलक दर स्थानकाला बदलतो, तेव्हा त्याचा फोटो काढून वाचत बसण्यापेक्षा चिठ्ठीवरचा आकडा आणि फलकावरचा आकडा जुळवणं सोपं. आकडे आपलेच वाचतो तसे असतात.

मावशीचा शेवटचा फोटो तिकिटाचा आहे, गाडीत काढलेला. काकांना वाटेतल्या एका गावात उतरून सोबा नावाच्या नूडल्स खायच्या होत्या. नागानोचा बकव्हीटचा सोबा प्रसिद्ध आहे आणि त्यांनी तो महिनाभर आधीपासून ठरवला होता. तिकिटावर खाली बारीक ओळ होती. ॲपने तिचं भाषांतर 'उतरण्यापूर्वी अवैध' असं केलं. काका घाबरले, आत्ताच अवैध झालं की काय म्हणून. मावशीने ओळीवर बोट ठेवून तेवढाच भाग पुन्हा घेतला, तेच आलं. मग तिने शहरातल्या हॉटेलच्या मुलीला तो फोटो पाठवला. तिचं उत्तर इंग्रजीत आलं: मधे उतरलात तर पुढच्या प्रवासाला हे तिकीट चालणार नाही.

जपानी ओळ दोन अक्षरी संज्ञांच्या ठाशीव भाषेत असते, आणि तिच्यात 'उतरणं' व 'पुढची वाट' हे दोन शब्द एकमेकांना चिकटून येतात. नेमकी अशी कायदेशीर ओळ ॲपला जड जाते, आणि पैसे जातात तेही तिच्यावरच. फोटो कितीही स्वच्छ काढला तरी इथे माणसालाच विचारावं लागतं.

काकांनी सोब्याचा हिशेब केला. उतरलं तर तिथून पुढची तीन तिकिटं नव्याने, परत एका कोऱ्या बटणांच्या यंत्रासमोर, आणि हातात शंभराची पाच नाणी आणि सत्तर येनची चिल्लर. "शहरातही सोबा मिळतो," मावशी म्हणाली. काका खिडकीतून ते गाव जाईपर्यंत बघत राहिले आणि मग म्हणाले, "हो, पण तिथला तिथला असतो."